कम्प्लीट बायनरी ट्रीची अ‍ॅरेतील मांडणी

पॉइंटर न वापरता बायनरी ट्री साठवण्याची ही पद्धत आहे. कम्प्लीट ट्रीमध्ये शेवटची सोडून प्रत्येक पातळी भरलेली असते आणि शेवटच्या पातळीवरचे नोड डावीकडून सलग असतात. त्यामुळे रूटपासून एकेक पातळी डावीकडून उजवीकडे वाचत नोड अ‍ॅरेत ठेवले, की कोण कोणाचे अपत्य हे वेगळे लिहून ठेवावे लागत नाही. ते इंडेक्सवरूनच काढता येते.

```
left   = 2*i + 1
right  = 2*i + 2
parent = (i - 1) / 2    // i > 0
```

इंडेक्स शून्यापासून मोजला आहे आणि भागाकारातला अपूर्णांक सोडून द्यायचा आहे. सूत्र पाठ करण्यापेक्षा त्यामागचे कारण समजले तर बरे. नोड `i` च्या आधी `i` नोड येतात. त्या सर्वांची दोन-दोन अपत्ये आणि रूट मिळून `2*i + 1` जागा आधीच भरलेल्या असतात, म्हणून पुढची मोकळी जागा `i` च्या डाव्या अपत्याची. मोजणी १ पासून केली तर हीच सूत्रे `2*i`, `2*i + 1` आणि `i / 2` अशी सुटसुटीत होतात.

`[50, 30, 40, 10, 20, 35]` हा अ‍ॅरे घेऊ. २० चा इंडेक्स ४, म्हणून त्याचा पालक इंडेक्स १ वर, म्हणजे ३०. ४० इंडेक्स २ वर आहे. त्याचे डावे अपत्य इंडेक्स ५ वरचे ३५. उजवे इंडेक्स ६ वर असायला हवे, पण अ‍ॅरे ५ वरच संपतो, म्हणजे ते नाही. ही मर्यादा तपासायची राहिली, की प्रोग्राम अ‍ॅरेबाहेरची जागा वाचतो. रूटला पालकाचे सूत्र लावणेही धोक्याचे: सी भाषेत साध्या `int` वर उत्तर ० येते, म्हणजे रूट स्वतःचाच पालक ठरतो. पायथनमध्ये `//` वापरल्यास -१ येतो आणि तो इंडेक्स गुपचूप शेवटचा घटक देतो.

ट्री कम्प्लीट नसेल तरी सूत्रे चालतात, मात्र नसलेल्या नोडचीही जागा राखून ठेवावी लागते. प्रत्येक नोडला फक्त उजवे अपत्य असलेली साखळी ही सर्वांत वाईट स्थिती. तिचे नोड ०, २, ६, १४ असे लांब लांब पडतात. अशा १० नोडना १,०२३ जागा लागतात आणि त्यांतल्या १,०१३ रिकाम्या राहतात. शिवाय रिकामी जागा ओळखण्यासाठी एखादी खूण ठरवावी लागते, आणि ती खऱ्या आकड्यांत येणारी नसावी.

तरीही थोडी पोकळी दिसली म्हणून लगेच पॉइंटरकडे वळायचे कारण नाही. ६४-बिट यंत्रावर ४ बाइटच्या संख्येसोबत दोन पॉइंटर ठेवले, तर अलाइनमेंट धरून एक नोड साधारणपणे २४ बाइट घेतो. अ‍ॅरेतली जागा ४ बाइटची. म्हणजे जागांची संख्या नोडच्या सहापटीपर्यंत असली तरी अ‍ॅरे महाग पडत नाही. वरच्या साखळीत मात्र अ‍ॅरेला ४,०९२ बाइट लागतात आणि पॉइंटरवाल्या ट्रीला २४०.

हीप म्हणजे पालक आणि अपत्य यांच्यात ठरावीक लहान-मोठा क्रम राखणारा कम्प्लीट ट्री. त्यात ही अडचण येऊच दिली जात नाही. जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या हीपसॉर्टमध्ये रूट काढल्यावर शेवटच्या नोडमधला घटक वर आणून योग्य जागी उतरवला जातो, त्यामुळे अ‍ॅरे शेवटाकडूनच आखडतो आणि मध्ये पोकळी राहत नाही.