तीनच्या पाठीवर चार

तालमीच्या दिवसांत एकांकिकेची संहिता सगळ्यांच्या हातात असते आणि सगळ्यांनाच छळते. ए४ कागदांचा, कोपऱ्यात पिन मारलेला गठ्ठा एका हातात धरवत नाही, दोन दिवसांत पिनेपाशी फाटतो आणि शेवटचं पान हमखास कुणाच्या तरी पिशवीत राहतं. तीच संहिता ए५ आकाराच्या, मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेत बसवली, तर २२ पाठकोऱ्या कागदांऐवजी पाठपोट छापलेले सहाच कागद लागतात. अडचण एकच: पीडीएफ जशी आहे तशी छापून घडी घातली, तर पहिल्या प्रवेशानंतर थेट शेवटचा प्रवेश येतो. पानांचा क्रम आधी बदलून घ्यावा लागतो, आणि तो कसा बदलायचा हे कळायला संगणक लागत नाही.

सहा कोरे कागद एकावर एक ठेवा, मधोमध एकत्र घडी घाला. तयार झालेल्या कोऱ्या पुस्तिकेत मुखपृष्ठापासून सुरुवात करून पेन्सिलीने १ ते २४ आकडे टाका आणि मग कागद सुटे करा. छापखान्यात याला डमी म्हणतात. सगळ्यात बाहेरचा कागद उलगडला की एका बाजूला डावीकडे २४ आणि उजवीकडे १ दिसतो. कागद पलटला की डावीकडे २ आणि उजवीकडे २३. पुढच्या कागदावर २२ आणि ३, त्याच्या पाठीवर ४ आणि २१. असं करत अगदी आतल्या कागदावर १४ आणि ११, आणि पाठीवर १२ आणि १३. पुस्तिका मधोमध उघडल्यावर समोर येते ती हीच शेवटची जोडी, आणि क्रमाने शेजारी छापलेली दोन पानं अख्ख्या पुस्तिकेत एवढीच.

आता बेरजा करून पाहा. २४ आणि १, २ आणि २३, १४ आणि ११, १२ आणि १३. प्रत्येक जोडीची बेरीज २५. हा योगायोग नाही. घडीमुळे प्रत्येक कागदाचा अर्धा भाग पुस्तिकेच्या पहिल्या निम्म्यात जातो आणि अर्धा दुसऱ्या निम्म्यात. सुरुवातीपासून जितकं आत जाल, तितकंच शेवटाकडून आत येता. म्हणून पुढून तिसऱ्या पानाचा शेजारी मागून तिसराच असणार. एकूण पानांमध्ये एक मिळवला की जोडीची बेरीज आली. पुस्तिका ४० पानांची असेल तर ती ४१. दुसरा नियम त्याहून सोपा आहे: डावीकडून उजवीकडे वाचायच्या पुस्तकात विषम पान नेहमी उजवीकडे येतं. या दोन गोष्टी लक्षात राहिल्या तर कितीही पानांचा क्रम कागद न घेता लिहिता येतो.

एकेका कागदावर चार पानं बसतात, म्हणून एकूण पानं चारच्या पटीत हवीत. आपली संहिता २२ पानांची आहे, म्हणजे दोन कोरी पानं घालावी लागणार. बहुतेक सॉफ्टवेअर ही कोरी पानं निमूटपणे शेवटी ढकलतं. मला ते पटत नाही. एक कोरं पान शीर्षकाच्या मागे घालावं, म्हणजे पात्रपरिचय उजवीकडच्या तिसऱ्या पानावर येतो आणि पुस्तिका उघडताच नजरेत भरतो. दुसरं मागच्या मुखपृष्ठाला द्यावं. तालमीच्या वेळा टिपायला ते उपयोगी पडतं. पानांचे आकडे मात्र ही भर घातल्यावरच टाकावेत, नाहीतर छापलेला आकडा आणि पानाची खरी जागा यांत एकाचा फरक पडतो.

`qpdf` हे फुकट मिळणारं साधन यासाठी पुरेसं आहे. `kora.pdf` ही त्याच आकाराची, एका कोऱ्या पानाची फाइल हाताशी असली की पहिल्या आज्ञेने २४ पानं होतात आणि दुसरीने त्यांचा क्रम बदलतो:

```
qpdf sanhita.pdf --pages . 1 kora.pdf 1 . 2-22 kora.pdf 1 -- chovis.pdf
qpdf chovis.pdf --pages . 24,1,2,23,22,3,4,21,20,5,6,19,18,7,8,17,16,9,10,15,14,11,12,13 -- pustika.pdf
```

आकडे हाताने लिहायचा कंटाळा असेल तर पायथनच्या चार ओळी ते काढून देतात:

```python
n, kram = 24, []
for k in range(n // 4):
    kram += [n - 2*k, 2*k + 1, 2*k + 2, n - 2*k - 1]
print(",".join(map(str, kram)))
```

आता `pustika.pdf` छापताना एका बाजूला दोन पानं, कागद आडवा आणि पाठपोट छपाई असं निवडायचं. अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या छपाईच्या खिडकीत `Booklet` नावाचं बटण असतं. ते हे सगळं आपोआप करतं, पण त्याला मूळ क्रमातली `chovis.pdf` द्यावी लागते. क्रम बदललेली फाइल देऊन वर ते बटण दाबलं, तर क्रम दोनदा बदलतो आणि मुखपृष्ठाच्या जागी चोविसावं कोरं पान येऊन बसतं.

क्रम बरोबर असूनही पुस्तिका बिघडते ती प्रिंटरमध्ये कागद पलटताना. आडव्या ए४ कागदाच्या डाव्या-उजव्या कडा आखूड आणि वरखालच्या लांब. पुस्तकाचं पान आपण उजवीकडून डावीकडे उलटतो, म्हणजे पुस्तिकेचा अख्खा कागद आखूड कडेवरून पलटायला हवा. प्रिंटरच्या खिडकीत त्याला `Flip on short edge` असं म्हटलेलं असतं. आधीपासून निवडलेला पर्याय मात्र बहुधा `Flip on long edge` हा असतो. त्यात कागद पोथीच्या पानासारखा, लांब कडेवरून, खालून वर पलटतो. पोथी घडी न घातलेल्या सुट्या पानांची, म्हणून तिला ते शोभतं. घडीच्या पुस्तिकेत मात्र पाठीवरचा सगळा मजकूर डोक्यावर उभा राहतो.

नुसता उलटा उभा राहिला असता तरी एक वेळ चाललं असतं, पण तो जागाही बदलतो. अख्खी बाजू अर्धा फेरा फिरली की डावं पान उजवीकडे जातं आणि उजवं डावीकडे. म्हणून तीनच्या पाठीवर चार न येता एकविसावं पान येतं, आणि तेही उलटं.

म्हणूनच सगळ्या प्रती काढण्याआधी एकच प्रत छापावी, तिचा दुसरा कागद उचलावा आणि तीनच्या पाठीवर काय आहे ते पाहावं. पहिला कागद या कामाचा नाही, कारण आपण एकच्या मागे कोरं पान ठेवलं आहे. तीनच्या पाठीवर सरळ उभा चार असेल तर काम झालं. उलटा एकवीस असेल तर पलटण्याची कड चुकली. एकवीस सरळ उभा असेल तर प्रिंटर निर्दोष आहे. क्रम लिहिताना ४ आणि २१ यांची अदलाबदल झाली आहे. समोरच्या बाजूला मोठा आकडा डावीकडे असतो, म्हणून पाठीवरही मोठा आकडा आधी लिहिण्याची सवय हाताला लागते आणि तिथे घोळ होतो.

चौथी शक्यता साध्या, एकाच बाजूने छापणाऱ्या प्रिंटरवरची. तिथे आधी सहाही कागदांच्या समोरच्या बाजू छापायच्या, गठ्ठा पुन्हा ट्रेमध्ये घालायचा आणि मग पाठी छापायच्या. काही प्रिंटर कागद तोंड वर करून बाहेर टाकतात, काही तोंड खाली करून. त्यामुळे गठ्ठ्याचा क्रम कधी तसाच राहतो, कधी उलटा होतो. उलटा झाला तर पहिल्या कागदाला सहाव्याची पाठ मिळते आणि दुसऱ्याला पाचव्याची. तीनच्या पाठीवर दहा दिसला की समजावं, गठ्ठा उलटा गेला.

आकाराचं गणित मात्र आपल्या बाजूचं आहे. ए४ म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर. तो अर्धा केला की १४८ × २१० चा ए५ मिळतो, आणि दोन्हींत लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, दोनच्या वर्गमुळाइतकं. म्हणून ए४ चं पान लहान करून बसवलं तरी कडेला फुकट जागा उरत नाही. लीगल कागदाला ही सोय नाही. पण पान ७१ टक्क्यांवर येतं, आणि त्याबरोबर १२ पॉइंटचं अक्षर साडेआठ पॉइंटचं होतं. देवनागरीत वर वेलांट्या-रफार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरं. रंगमंचाच्या कडेला, अंधुक उजेडात बसलेल्या प्रॉम्प्टरला साडेआठ पॉइंट वाचता येणार नाहीत. मूळ ए४ मध्ये अक्षर १७ पॉइंटचं ठेवलं तर पुस्तिकेत ते १२ चं दिसतं. त्याने पानं वाढतील हे खरं. त्यापेक्षा फाइलच पहिल्यापासून ए५ आकारात मांडावी, हे मला जास्त सरळ वाटतं. फक्त बाहेरच्या कडांना पुरेसा समास हवा. बहुतेक घरगुती प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापू शकत नाहीत.

पिन मारताना नेहमीचा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही. लांब हाताचा मिळाला तर उत्तम. नसेल तर पुस्तिका उघडी, पालथी, जाड पुठ्ठ्यावर ठेवावी, स्टेपलर पूर्ण उघडून घडीवर दोन पिना दाबाव्यात आणि आत आलेली टोकं हाताने वळवावीत. पिन घडीला आडवी न येता घडीच्या रेषेत बसली पाहिजे.

सहा कागदांपर्यंत एवढ्यावर भागतं. कागद वाढले की जाडी आडवी येते. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, आणि एकात एक घातलेला प्रत्येक कागद आधीच्यापेक्षा तेवढा किंवा थोडा जास्तच बाहेर सरकतो. सहा कागदांत हा फरक अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा, म्हणजे न जाणवणारा. पण ९६ पानांची अख्खी नाट्यसंहिता एकाच घडीत घातली तर कागद २४ होतात, आणि सगळ्यात आतला कागद दोन-तीन मिलिमीटर, कधी त्याहून जास्त, बाहेर डोकावतो. कडा एकसारखी कापली की मधल्या पानांचा बाहेरचा समास तेवढाच कमी होतो. छापखान्यात आतल्या पानांवरचा मजकूर आधीच घडीकडे सरकवून हे सांभाळतात. घरी ते करत बसण्यापेक्षा फॉर्मे पाडावेत: चार-चार कागदांचे, सोळा पानांचे सहा गठ्ठे, एकाशेजारी एक ठेवून शिवलेले. `pdfjam` मध्ये त्यासाठी वेगळा पर्याय आहे:

```
pdfjam --landscape --signature 16 natak.pdf --outfile natak-forme.pdf
```

बेरजेचा नियम इथेही चालतो, फक्त तो आता फॉर्म्यापुरता असतो. पहिल्या फॉर्म्यात १ ते १६, म्हणून बेरीज १७. दुसऱ्यात १७ ते ३२, म्हणजे बाहेरच्या कागदावर ३२ आणि १७, आणि बेरीज ४९. तिसऱ्यात ८१. गठ्ठे शिवायला घेण्याआधी प्रत्येकातली एक-एक जोडी अशी तपासावी, कारण दोरा ओवल्यावर चुकलेला फॉर्मा काढायचा तर सगळी शिवण उसवावी लागते.