पंचेचाळीस अंशांवर सरकणारं टेबल

भाच्याने पॉलिटेक्निकच्या प्रोजेक्टसाठी फिरतं टेबल केलं होतं. बर्डीवरून आणलेली सहा तारांची स्टेपर मोटर, दोन बिटांचा काउंटर, थोडी गेट्स आणि वेटोळ्यांना करंट पुरवायला यूएलएन२००३. ठरावीक अंश फिरायचं, थांबायचं, उलट फिरून मूळ जागी यायचं, एवढंच त्याचं काम. "मामा, नव्वदवर बरोबर परत येते. पंचेचाळीसवर केलं की दर फेरीला सरकते." टेबलावर पेन्सिलची खूण होती. दहा फेऱ्यांत ती ३६ अंश हलली.

ही मोटर एका पल्सला १.८ अंश फिरते. म्हणजे दर फेरीला ३.६ अंश, नेमक्या दोन पायऱ्या जात होत्या, आणि दरवेळी त्याच बाजूला. वजन जास्त झालं किंवा पल्स फार वेगाने आले तरी मोटर पायऱ्या चुकवते, पण ती चूक इतकी शिस्तीत होत नाही. म्हणून मोटरकडे न बघता मी सर्किटकडे वळलो.

मोटरची चार वेटोळी अ, ब, क, ड अशी धरू. अ समोर क, ब समोर ड. एका वेळी शेजारची दोन चालू ठेवायची: अब, बक, कड, डअ. काउंटरचा एक बिट अ-क ची जोडी ठरवतो, दुसरा ब-ड ची. पण काउंटर ०१ वरून १० वर जाताना दोन्ही बिट एकदम पालटतात. मग रोटरसमोर एकदम उलट टोकाची जोडी येते आणि कुठे वळायचं हे त्याला कळत नाही. भाच्याने दोन्ही बिट एक्सॉर गेटमधून नेऊन ब-ड ची जोडी चालवली, त्यामुळे दर पल्सला एकच जोडी पालटू लागली. इथवर उत्तम. दिशा बदलण्यासाठी त्याने त्याच तारेवर आणखी एक एक्सॉर लावून त्यात दिशेचा स्विच दिला. क्रम खरोखरच उलटा होतो, त्यामुळे सर्किट पास झालं असं वाटतं.

घोटाळा स्विच दाबण्याच्या क्षणी होतो. पल्स आलेलाच नसतो, तरी ब-ड जोडी लगेच पालटते आणि मोटर एक पायरी उडी मारते. काउंटर सम आकड्यावर असेल तर चालत्या दिशेनेच, विषमवर असेल तर तिच्या उलट. ९० अंशांना ५० पल्स लागतात. शून्यापासून निघालं की ५० वर स्विच दाबल्यावर एक पुढे, परत आल्यावर पुन्हा दाबला की एक मागे. हिशेब फिटला. ४५ अंशांना २५ पल्स. तिथे एक मागे, परतल्यावर पुन्हा एक मागे. याच त्या दोन पायऱ्या. नव्वदवर चाचणी घेतली म्हणून चूक लपून राहिली होती.

उपाय म्हणजे दिशा वेटोळ्यांच्या वाटेत न घालता काउंटरच्या पोटात घालायची. ७४७४ मधल्या दोन फ्लिप-फ्लॉपचे आउटपुट Q0 आणि Q1 एकेक जोडी चालवतात, DIR म्हणजे दिशेचा स्विच. D0 आणि D1 या इनपुटना असं जोडलं:

```
D0 = (NOT Q1) XOR DIR
D1 = Q0 XOR DIR
```

आता स्विच दाबला की फक्त पुढची अवस्था बदलते. बाहेर काही होतं ते पल्स आल्यावरच. फ्लिप-फ्लॉप उलटा आउटपुटही देतं, त्यामुळे चारही वेटोळ्यांचे सिग्नल आयते मिळतात. ७४८६ मधल्या चार एक्सॉर गेट्सपैकी दोनच लागली.

उरलेल्या दोन गेट्सवर अर्ध्या पायरीची सोय झाली. दोन जागांच्या मधोमध थांबायचं तर पुढच्या पल्सला पालटणारी जोडी तेवढ्यापुरती बंद ठेवायची. ती कोणती, हे `D1 XOR Q1` सांगतं: शून्य आला तर Q0 ची, एक आला तर Q1 ची. चौथं एक्सॉर त्याचा उलटा सिग्नल देतं. तिसरं फ्लिप-फ्लॉप, त्याला H म्हणू, पल्सला आळीपाळीने एक-शून्य होतं. H एक असताना दोन नँड गेट्स त्या जोडीच्या वेटोळ्यांच्या वाटेत लावलेल्या अँड गेट्सना बंद करतात. H शून्यावर आला की काउंटर पुढे सरकतो. पूर्ण पायरी हवी असेल तर H शून्यावरच धरायचा आणि पल्स थेट काउंटरला द्यायचा. अर्ध्या पायऱ्यांत फेरीला २०० ऐवजी ४०० थांबे मिळतात, पण मधल्या थांब्यावर एकच वेटोळं ओढतं, म्हणून धरून ठेवायची ताकद सुमारे ७० टक्केच राहते. जड वस्तू ठेवली तर फरक हाताला जाणवतो.

जुनी खोड मात्र इथे मागच्या दाराने परत येते. H एक असताना दिशा बदलली तर बंद जोडी ती राहत नाही, दुसरी होते, आणि रोटर पूर्ण पायरीभर मागे उडतो. ४५ अंशांना आता ५० अर्धे पल्स लागतात. H शून्यावरून निघालं तर शेवटीही शून्यावरच येतं, म्हणून भाच्याचं काम निभलं. तरी त्याने H च्या पायावर लाल एलईडी लावलाय. तो पेटलेला असेल तर स्विचला हात लावायचा नाही.