समोरचा भडकला की आधी श्वास सोडा

राग मनात ठेवू नये, ओरडून मोकळं व्हावं, हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली तो तपासला. चिडवलेल्या माणसांपैकी काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, काहींना नुसतं बसवलं. ठोसे मारणारेच जास्त रागावलेले राहिले.

समजा, कोथरूडमधल्या एका सोसायटीची सभा आहे. उन्हाळ्यातल्या टँकरच्या बिलांवरून एक काका खजिनदारबाईंवर ओरडतात, "पैसे खाल्लेत तुम्ही!" बेरीज चुकली म्हणाले असते तर बाईंनी शांतपणे रजिस्टर उघडलं असतं. पण इथे प्रामाणिकपणावर घाव बसला. आपण जे सर्वांत जपतो, तिथेच आपली ठिणगी पडते.

आता बाईंच्या छातीत काय होतं ते पाहा, मला हा भाग फार आवडतो. हृदयाला स्वतःची लय असते. मज्जातंतूंचा ताबा काढून घेतला तर ते मिनिटाला साधारण शंभर ठोके देतं. प्रत्यारोपण केलेल्या हृदयात हे दिसतं. निवांत बसल्यावर आपले सत्तरच पडतात, कारण मेंदूतून निघणारी व्हेगस नस सतत ब्रेक लावून असते. अपमान झाला की हा ब्रेक क्षणात सुटतो. अ‍ॅड्रिनलीन रक्तातून येतं, त्यामुळे त्याला थोडा जास्त वेळ लागतो, पण चढलं की लवकर उतरत नाही.

व्हेगसचा जोर श्वास घेताना कमी होतो, सोडताना वाढतो. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास सोडा, ठोके लांबल्याचं बहुतेकांना जाणवेल. या नसेच्या टोकातून ठोके मंदावणारं अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन झिरपतं, आणि ते लगेच विघटित होत असल्यामुळे परिणाम अगदी पुढच्याच ठोक्यांवर दिसतो. म्हणून "दीर्घ श्वास घ्या" हा सल्ला अर्धवट आहे. चार सेकंद नाकाने घ्या, सहा ते आठ सेकंद सोडा, असं तीन-चार वेळा. भराभर खोल श्वास घेतले तर उलट चक्कर येते. राग शांत व्हावा म्हणून मोत्याची अंगठी घालणाऱ्यांनी निदान हे फुकटचं करून पाहावं.

तेवढ्यात काकांचं बोलणं संपतं. बाई आरोपाला उत्तर देत नाहीत, विचारतात, "टँकरचा हिशोब तुम्हाला पटलेला नाही. कोणत्या महिन्याचा, सांगा." महिना आठवायचा तर काकांना बिलाकडे वळावं लागतं.

कधी मात्र उशीर झालेला असतो, कान तापतात, समोरचं बोलणं डोक्यात शिरत नाही. तेव्हा चार श्वास पुरत नाहीत. जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास करणारे जॉन गॉटमन अशा वेळी किमान वीस मिनिटं थांबायला सांगतात, आणि त्या वेळात अपमान मनात घोळवायचा नाही, नाहीतर शरीर पुन्हा पेटतं. बाईंनी सेक्रेटरींना सांगावं, लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय आधी घ्या, टँकरचा त्यानंतर.