चार रेणू, तीन मूलद्रव्यं

रासायनिक समीकरण संतुलित करायला शाळेत आपण आकडे लावून बघायला शिकतो. इथे तीन लाव, तिथे चार लाव, जमलं की सोडून दे. पण जमलेलं उत्तर एकमेव आहे की आणखीही आहेत? हे रेषीय बीजगणितातलं रँक-नलिटी प्रमेय सांगतं, आणि ते समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

स्वयंपाकाच्या गॅसमधला प्रोपेन घेऊ. तो पूर्ण जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं:

a C₃H₈ + b O₂ → c CO₂ + d H₂O

प्रत्येक रेणूसाठी एक स्तंभ आणि प्रत्येक मूलद्रव्यासाठी एक ओळ मांडू. बाणाच्या उजवीकडचे रेणू ऋण धरू.

```
    C3H8   O2  CO2  H2O
C     3     0   -1    0
H     8     0    0   -2
O     0     2   -2   -1
```

या मॅट्रिक्सला a, b, c, d हे चार आकडे दिले की ती तीन आकडे परत देते: कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंचा हिशेब कितीने चुकला. तिन्ही शून्य आले की समीकरण संतुलित.

आता स्तंभ डावीकडून एकेक करून बघू. आधीच्या स्तंभांच्या पटी मिळवून जो बनत नाही, तो नवा. पहिला नवा आहे. दुसऱ्यात फक्त ऑक्सिजन आहे, म्हणजे तो पहिल्याची पट नाही, तोही नवा. तिसऱ्यात कार्बन आहे पण हायड्रोजन नाही. कार्बन आणायला पहिला स्तंभ वापरावा तर हायड्रोजन सोबत येतोच, म्हणून तिसराही आधीच्या दोघांतून बनत नाही. चौथा मात्र बनतो, कारण तीन आकड्यांच्या जगात तीन स्वतंत्र दिशा मिळाल्या की चौथी नवी दिशा उरत नाही.

नव्या स्तंभांची संख्या म्हणजे रँक, इथे ३. जो स्तंभ आधीच्यांतून बनतो, तो शून्य उत्तराची एक स्वतंत्र वाट उघडतो, कारण त्याला आणि त्याच्या घटकांना एकत्र आणलं की सगळं शून्य होतं. अशा वाटांची संख्या म्हणजे नलिटी, इथे १. प्रत्येक स्तंभ या दोन खात्यांपैकी एकाच खात्यात जातो, म्हणून रँक आणि नलिटी यांची बेरीज नेहमी स्तंभांच्या संख्येइतकीच येते. प्रमेय एवढंच आहे, आणि त्याचं कारणही हेच.

ती एक वाट शोधू. कार्बनवरून c = 3a, हायड्रोजनवरून d = 4a, आणि ऑक्सिजनवरून 2b = 2c + d = 10a, म्हणजे b = 5a. उत्तर १, ५, ३, ४. नलिटी १ म्हणजे उत्तर एकच, असं पुष्कळजण म्हणतात. ते बरोबर नाही. २, १०, ६, ८ हेही उत्तर आहेच. नलिटी उत्तरं मोजत नाही, स्वतंत्र दिशा मोजते.

सर्रास होणारी दुसरी चूक म्हणजे ओळींची संख्या हीच रँक समजणं. चुनखडी भाजून चुना होतो ते बघा: CaCO₃ → CaO + CO₂. इथे मूलद्रव्यं तीन आणि रेणूही तीन. तीन समीकरणं, तीन अज्ञातं, म्हणजे शून्याखेरीज उत्तर नाही, असं वाटेल. पण चुन्याच्या भट्ट्या तर चालतात! ऑक्सिजनची ओळ नीट बघा: ३, −१, −२. कॅल्शियमची १, −१, ० आणि कार्बनची १, ०, −१. कॅल्शियमच्या ओळीत कार्बनच्या ओळीची दुप्पट मिळवली की ऑक्सिजनची ओळ तयार होते. ती नवं काही सांगत नाही. म्हणून रँक २ आणि नलिटी १.

तिसरा गैरसमज जरा खोल आहे. बेरीज जमते, म्हणून शून्य होणारी उत्तरं आणि मॅट्रिक्समधून निघणारी फळं हे एकाच जागेचे दोन तुकडे आहेत, असं वाटतं. प्रोपेनमध्ये एकीकडे रेणूंचे चार आकडे आहेत, दुसरीकडे अणूंचे तीन. त्यांची बेरीजच करता येत नाही. जागा एकच असली तरी भरवसा नाही. (x, y) ला (y, 0) करणारा नियम घ्या. शून्य होणारे बिंदू x-अक्षावर आणि निघणारी फळंही x-अक्षावरच. १ + १ = २ झालं, पण दोघांनी मिळून एकच रेषा व्यापली. प्रमेय फक्त मितींची संख्या जोडतं.

आता हवा कमी पडली आणि प्रोपेन जळताना कार्बन मोनॉक्साइडही निघाला, असं समजा. स्तंभ पाच झाले, रँक ३ च राहिली, म्हणून नलिटी २. एक वाट पूर्ण ज्वलनाची, दुसरी ही:

2 C₃H₈ + 7 O₂ → 6 CO + 8 H₂O

दोन्ही हव्या त्या प्रमाणात मिसळता येतात. नुसती बेरीज करून तिनाने भागलं तरी नवं संतुलित समीकरण मिळतं:

C₃H₈ + 4 O₂ → CO₂ + 2 CO + 4 H₂O

विद्यार्थी इथे खरं उत्तर कोणतं म्हणून वाद घालतात. सगळीच संतुलित आहेत. विषारी वायू नेमका किती निघेल हे अणू मोजून कळत नाही. ते बर्नरच्या भोकांतून हवा किती मिळते आणि ज्योत किती तापते, यावर ठरतं.