अर्ज गाळणारं यंत्र चुकतं तेव्हा फटका कोणाला बसतो?

नोकरीच्या अर्जासोबतचं कव्हर लेटर किंवा परदेशी विद्यापीठासाठी लिहिलेलं स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे एसओपी, आता बऱ्याच ठिकाणी माणसाच्या आधी एक सॉफ्टवेअर वाचतं. ‘हा मजकूर एआयनं लिहिलेला असण्याची शक्यता 87 टक्के’ असा काहीतरी आकडा ते दाखवतं आणि कधीकधी अर्ज तिथेच बाजूला पडतो. हा आकडा कुठून येतो, हे समजलं की त्यातला अन्याय नेमका कुठे आहे ते दिसतं.

अशा अनेक साधनांच्या मुळाशी ‘पर्प्लेक्सिटी’ नावाचं माप असतं. साधन वाक्य एकेका शब्दानं पुढे वाचतं आणि दर वेळी पुढचा शब्द ओळखू पाहतं. ‘आय ॲम रायटिंग टू अप्लाय फॉर द’ यानंतर काय येणार? ‘पोझिशन’, ‘पोस्ट’ किंवा ‘रोल’. अंदाज सहज बरोबर येत गेला की पर्प्लेक्सिटी कमी भरते, आणि ती कमी म्हणजे मजकूर यंत्राचा असल्याचा संशय जास्त. पण कव्हर लेटर हा प्रकारच ठरावीक साच्याचा. शाळेत अर्जलेखन शिकवताना जी वाक्यं घोटून घेतली जातात, तीच इथे संशयास्पद ठरतात. त्यातून पत्र असतं दोन-अडीचशे शब्दांचं. इतक्या कमी मजकुरावर काढलेलं माप दोन-चार वाक्यं बदलली तरी बरंच हलतं.

इंग्रजी नंतर शिकलेला माणूस चूक होऊ नये म्हणून ओळखीचे शब्द आणि सरळ वाक्यरचना वापरतो. मराठी माध्यमातून शिकून जर्मनीला किंवा अमेरिकेला अर्ज करणारी मुलगी नेमकं हेच करते. तिची ही काळजीच तिची पर्प्लेक्सिटी खाली आणते.

हा निव्वळ तर्क नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेम्स झोउ आणि सहकाऱ्यांनी 2023 साली ‘पॅटर्न्स’ या नियतकालिकात याची चाचणी प्रसिद्ध केली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध त्यांनी सात साधनांना दिले. सरासरी 61 टक्के निबंधांवर यंत्राचा शिक्का बसला. 91 पैकी 89 निबंध निदान एका साधनानं तरी दोषी ठरवले. अमेरिकी आठवीतल्या मुलांचे निबंध मात्र याच साधनांनी जवळजवळ बिनचूक ओळखले. आणखी बोलकी गोष्ट पुढे आहे. तेच टोफेलचे निबंध चॅटजीपीटीकडून शब्द भारदस्त करून घेतल्यावर हे प्रमाण सुमारे 12 टक्क्यांवर आलं. म्हणजे जिनं स्वतः लिहिलं ती अडकली, आणि यंत्राची मदत घेतल्यावर तोच मजकूर सुटला.

साधनं त्यानंतर बदलली आहेत, त्यामुळे 61 हा आकडा आजच्या प्रत्येक साधनाला लावता येणार नाही. विक्रेते आता चुकीचं प्रमाण फार कमी असल्याचं सांगतात. पण ते सरासरीचं प्रमाण असतं, आणि सरासरी काय लपवते ते एका कल्पित हिशेबात पाहू. समजा, 700 उमेदवारांनी पत्रं स्वतः लिहिली. त्यातल्या 500 जणांची इंग्रजी घरची आहे आणि त्यांच्याबाबत साधन 2 टक्के चुकतं, म्हणजे 10 जण अडकतात. उरलेल्या 200 जणांबाबत ते 20 टक्के चुकतं, म्हणजे 40 जण अडकतात. एकूण चूक 700 मध्ये 50, साधारण 7 टक्के. कागदावर हे खपून जातं, पण अन्याय झालेल्या 50 पैकी 40 जण एकाच गटातले आहेत.

भरती करणाऱ्यांना हे स्वतःपुरतं तपासता येतं, आणि माझ्या मते ते न तपासता साधन वापरणं चूकच आहे. चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 रोजी खुलं झालं. त्याआधी आलेली पत्रं दप्तरात असतील तर ती जवळपास खात्रीनं माणसांची आहेत. त्यातली नावं-पत्ते काढून टाका, शिक्षणाच्या माध्यमानुसार किंवा देशानुसार गट पाडा आणि साधनातून चालवा. लागलेला प्रत्येक शिक्का चुकीचा, इतकं हे मोजणं सोपं आहे. फक्त नमुना लहान नको. एका गटातली 50 पत्रं तपासून एकही शिक्का लागला नाही, तरी खरी चूक 6 टक्क्यांपर्यंत असू शकते. 300 पत्रांत शून्य आलं तर ही मर्यादा 1 टक्क्यावर येते.

गटागटांत मोठा फरक दिसला तर ‘इतक्या टक्क्यांच्या वर नको’ ही रेषा हलवून तो सुटत नाही. रेषा वर नेली की यंत्राची पत्रंही निसटतात, आणि उरलेल्या चुका बहुधा त्याच गटावर पडत राहतात. अशा वेळी साधन बाजूला ठेवून मुलाखतीत पत्रातल्याच एखाद्या वाक्यावर दोन प्रश्न विचारता येतात. ‘या प्रकल्पात तुमच्याकडे नेमकं कोणतं काम होतं, आणि काय अडलं?’ मात्र हे प्रश्न मुलाखतीला आलेल्या सगळ्यांनाच विचारायला हवेत. शिक्का लागलेल्यांनाच विचारले, तर संशय मुलाखतीच्या खोलीतही सोबत येतो.