१५३ घ्यायची की १३८? टाकीच्या तीन फ्लोटसाठी मक्स आणि डिकोडरचा हिशोब

वेंगुर्ल्याला आमच्या वाडीत विहिरीवरचा पंप आणि घराच्या स्लॅबवरची टाकी यांच्यामध्ये एक छोटं कार्ड बसवायचं होतं. भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला म्हटलं तूच कर. दोन दिवसांनी तो कागद घेऊन आला, त्यावर चार आयसी. मी आधीच सांगितलेलं की दोनच सॉकेट. खाऱ्या हवेत सॉकेटचा प्रत्येक पाय म्हणजे हिरवं धरायची एक जागा, सोळा पायांची एक आणि चौदा पायांची एक घेतली तरी तीस जागा होतात, पावसाळ्यानंतर एकेक पाय घासत बसायचं काम मी आधी केलंय. त्यात एखादी आयसी गेली तर ती मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून मागवायची, मग कितीही स्वस्त असली तरी आठवडा गेला.

कागद बघितल्यावर कळलं की त्याचा घोळ मक्स आणि डिकोडरमध्ये झालाय. घोळ होतोच, कारण दोन्ही सोळा पायांच्या, दोन्हीला सिलेक्टच्या ए, बी अशा लाइनी, दोन्हीला चालू-बंद करायचा पाय, आणि पुस्तकात दोन्हीखाली एकच वाक्य असतं की हिने कुठलंही फंक्शन बनवता येतं. खरं आहे ते, पण किती आयसीत बनतं हे त्या वाक्यात नसतं.

मक्स म्हणजे बऱ्याच तारांपैकी एक निवडून एकाच तोंडातून बाहेर काढणारी, म्हणजे एका आउटपुटला एक मक्स. डिकोडर उलटा, आत आलेला आकडा वाचतो आणि आठ पायांपैकी त्या नंबरचा एकच पाय खाली ओढतो, बाकी सगळे वर. मक्सला तुम्ही एक प्रश्न विचारता आणि ती उत्तर देते, डिकोडर सगळ्या शक्यता तुमच्यासमोर मांडून ठेवतो आणि त्यातल्या कुठल्या उचलायच्या ते तुम्ही बाहेर नँड गेटने ठरवता.

आता आमची टाकी. तीन फ्लोट, वरचा, मधला, खालचा. पाणी फ्लोटच्या वर असेल तर १. नीट चाललेल्या टाकीत फक्त चारच स्थिती येऊ शकतात, बाकीच्या चार म्हणजे कुठलातरी फ्लोट अडकलाय, कारण वरचा भिजलाय आणि मधला कोरडा असं पाणी कधी करत नाही. इथे शेवाळ आणि विहिरीच्या पाण्यातला गाळ यामुळे फ्लोट अडकणं नेहमीचं.

```
वरचा मधला खालचा   आकडा
 0    0    0      0   रिकामी
 0    0    1      1   थोडं
 0    1    0      2   बिघाड
 0    1    1      3   अर्धी
 1    0    0      4   बिघाड
 1    0    1      5   बिघाड
 1    1    0      6   बिघाड
 1    1    1      7   भरली
```

आधी फक्त बिघाडाचा लाल दिवा धरू. २, ४, ५, ६ ला पेटायला हवा. साध्या गेटने करायला गेलात तर 'वरचा आहे पण मधला नाही, किंवा मधला आहे पण खालचा नाही' इतकं सोपं होतं, पण हे वाक्य जसंच्या तसं दोन इनपुटच्या नँडने मांडलं तर पाच गेट लागतात, आणि ७४००मध्ये असतात चार. एका गेटसाठी दुसरी आयसी. भाच्याच्या कागदावर पहिल्या दोन आयसी अशाच आलेल्या.

मक्सने करायला ७४एलएस१५३ घ्या, हिच्यात चार-ला-एक अशा दोन मक्स असतात, सिलेक्टच्या दोन लाइनी दोघींना सामाईक. इनपुट तीन आणि सिलेक्ट दोन, म्हणजे एक इनपुट उरतो तो डेटाच्या पायांवर द्यायचा. आणि उरवायचा कुठला, हे ठरवण्यातच एक आयसी वाचते किंवा जाते. भाच्याने सवयीप्रमाणे वरचा आणि मधला सिलेक्टला दिले आणि खालचा उरवला. मग टेबल बघितलं तर दोन डेटा पायांना खालच्याचा उलटा सिग्नल लागतो, उलटा करायला ७४०४, त्यातला सहापैकी एक इन्व्हर्टर वापरायचा आणि पाच फुकट. मधला उरवून बघा, तिथेही एका पायावर उलटा लागतो. आता वरचा उरवा, मधला आणि खालचा सिलेक्टला द्या. दोन्ही शून्य असतील तर बिघाड आहे की नाही हे वरचा जे सांगेल ते, खालचा एकटाच भिजलेला असेल तरी वरचा सांगेल ते, मधला भिजून खालचा कोरडा म्हणजे बिघाड नक्की, आणि दोन्ही भिजलेले तर बिघाड नाहीच. म्हणजे चार डेटा पायांवर अनुक्रमे वरचा, वरचा, पाच व्होल्ट, ग्राउंड. उलटा कुठेच नाही. अर्ध्या आयसीत काम झालं! तिन्ही पर्याय कागदावर मांडायला पाच मिनिटं लागतात, पण ते मांडल्याशिवाय मक्सचे पॅकेज मोजूच नयेत असं माझं ठाम मत आहे.

उरलेल्या अर्ध्यात पंपाचं बघू. पंपाला परवानगी ०, १, ३ ला, म्हणजे टाकी भरलेली नाही आणि बिघाडही नाही. ते तसंच बनवलं तर वरच्याचा उलटा लागतो, परत ७४०४ आली. पण तोच सिग्नल उलटून 'पंप बंद' असा मागितला, म्हणजे २, ४, ५, ६, ७ ला १, तर डेटा पायांवर वरचा, वरचा, पाच व्होल्ट, वरचा. परत उलटा नाही. रिलेच्या आधी एक ट्रान्झिस्टर जास्त लागेल, तो आयसीत मोजत नाही. म्हणजे दोन आउटपुट, एक आयसी. इथपर्यंत मक्स सरळ जिंकते.

पण घरात आई म्हणाली, मला टाकीत किती आहे ते खाली स्वयंपाकघरात कळायला हवं, दर वेळी शिडी कोण चढणार. म्हणजे चार दिवे वाढले. आता आउटपुट सहा, मक्सच्या हिशोबाने सहा अर्ध्या म्हणजे तीन १५३. बजेटच्या बाहेर.

इथे ७४एलएस१३८ काढा. खालचा फ्लोट ए ला, मधला बी ला, वरचा सी ला. आउटपुट ०, १, ३, ७ हे थेट चार दिव्यांचे पाय, गेट नको, कारण एलएसचा आउटपुट खाली असताना ८ मिलिअँपिअर ओढू शकतो आणि एलईडीला ४७० ओहमचा रेझिस्टर लावला की साधारण साडेपाच मिलिअँपिअर होतात. एलईडी पाच व्होल्टकडून पायाकडे लावायचा, ग्राउंडकडे नाही, हे उलटं लावलं की एक सोडून बाकी सगळे मिणमिणतात, यावरून चूक लगेच ओळखता येते. बिघाडासाठी २, ४, ५, ६ हे पाय चार इनपुटच्या नँडला. ऑर गेट शोधू नका, आउटपुट खाली ओढणारे आहेत म्हणून नँडच ऑरचं काम करतो. आणि ७४२०मध्ये चार इनपुटचे दोन नँड असतात, तर दुसऱ्याला ०, १, ३ दिले की पंपाची परवानगी सरळच मिळते, उलटासुलटा नाही. १३८ एक, ७४२० एक, सहा आउटपुट, आणि एकही गेट वाया नाही. दोन सॉकेटमध्ये बसलं.

म्हणजे आउटपुट वाढला की मक्सचा खर्च दर वेळी अर्ध्या आयसीने वाढतो, तर डिकोडर एकदाच विकत घ्यायचा आणि पुढे फक्त नँड वाढतात, कधीकधी तेही नाही. आमच्याकडे दोन आउटपुटला मक्स एक आणि डिकोडर दोन, तिसऱ्या आउटपुटला दोघे बरोबरीत, पाचव्याला मक्स तीनवर गेली.

मग चौथा इनपुट आला. मे महिन्यात विहीर तळाला जाते, पाणी नसेल तर पंप चालता कामा नये. विहिरीतला फ्लोट, पाणी असेल तर १. भाचा खुश, म्हणाला, "मामा, ७४२०च्या दुसऱ्या नँडचा चौथा पाय मोकळाच आहे, तिथे देतो." अजिबात नाही! नँडच्या एका पायावर शून्य आलं की आउटपुट १ होतो, म्हणजे विहीर कोरडी पडली की पंप चालू आणि मोटर जळणार. तो मोकळा पाय पाच व्होल्टला बांधायचा आणि विसरून जायचा. विहिरीचा सिग्नल द्यायचा १३८च्या सहा नंबरच्या पायावर, जी-वन. हा १ असेल तरच डिकोडर जागा असतो. शून्य झाला की आठही आउटपुट वर, दोन्ही नँड शून्य, पंप बंद. फुकटात झालं. तोटा इतकाच की विहीर आटली की टाकीचे दिवेही विझतात, बिघाडाचाही, म्हणून कार्डाला सप्लाय आहे हे दाखवणारा एक वेगळा हिरवा दिवा लावला.

असाच चालू-बंदचा पाय १५३लाही असतो, प्रत्येक अर्ध्याला स्वतंत्र, आणि बघताना वाटतं दोन्हीकडे एकच सोय आहे. पण १५३ बंद केली की आउटपुट शून्य, आणि आमचा तिथला सिग्नल 'पंप बंद' असा उलटा होता, म्हणजे शून्य म्हणजे पंप चालू. आयसी वाचवायला सिग्नल उलटवला त्याची किंमत इथे मोजावी लागते.

परवानगीचा रिले आम्ही स्टार्टरच्या स्टॉप बटनाच्या सिरीजमध्ये घातला, त्यामुळे कार्ड मेलं तर पंप बंदच राहतो, आणि टाकी भरून बंद झालेला पंप कोणीतरी स्टार्ट दाबेपर्यंत आपोआप सुरू होत नाही, म्हणजे फ्लोट पाण्यावर हिंदकळला तरी पंपाची चालू-बंद चालू-बंद होत नाही.

एक गोष्ट मात्र या टेबलातून सुटत नाही आणि ती कुठली आयसी घेतली यावर नाही. वरचा फ्लोट खालीच अडकला तर भरलेली टाकी ३ नंबर दाखवते, अर्धी, जी एकदम चांगली स्थिती आहे, बिघाडाचा दिवा पेटणार नाही आणि पंप चालूच राहील. खालचा वरच अडकला तर रिकामी टाकी 'थोडं' दाखवते, तेही कळत नाही. मधला अडकला तर कधीतरी पकडला जातो कारण त्याच्या दोन्ही बाजूंना साक्षीदार आहेत, टोकाच्या दोघांना एकाच बाजूला आहे. वर अजून एक फ्लोट लावून हे बरंचसं सुटेल पण मग चार इनपुटला दोन १३८ लागतात आणि आयसी तीनच्या पुढे जातात. आम्ही तो लावला नाही, टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप पडवीच्या पत्र्यावर सोडला, पाणी पडायला लागलं की मागच्या दारापर्यंत आवाज येतो.