पंपाच्या फोटोवरून औषधाचे माप

तूर फुलोऱ्यात आली की परभणी परिसरातून मला पंपाचे आणि औषधाच्या पुडीचे फोटो येतात, आणि सोबत एकच प्रश्न असतो: एका पंपाला किती टाकू? शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी इमामेक्टीन बेंझोएट ५ टक्के दाणेदार या औषधाची शिफारस १० लिटर पाण्यात ४.४ ग्रॅम, म्हणजे लिटरला ०.४४ ग्रॅम, अशी आहे. दुकानातून घरी येईपर्यंत हाच आकडा ‘पंपाला ४.४ ग्रॅम’ असा होतो. तो १६ लिटरच्या पंपात टाकला, तर औषधाची तीव्रता हवी त्याच्या जेमतेम ६२ टक्के उरते आणि मोठ्या अळ्या वाचतात.

मागच्या हंगामातल्या एका फोटोत टाकीच्या पांढऱ्या प्लास्टिकवर उठवलेला आकडा १६ आहे की १८, हेच कळत नव्हते, कारण उठावदार अक्षरांना रंग नसतो आणि समोरून ऊन पडले की त्यांची सावली नाहीशी होते. मी त्या शेतकऱ्याला बाजूच्या रेघांचा फोटो टाकीला पाठीमागून सावली धरून पुन्हा काढायला सांगितले. त्यात सर्वांत वरची रेघ १६ ची निघाली, म्हणून माप १६ × ०.४४ = ७.०४, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम ठरले. मात्र फोटोतून कळते ती टाकीची क्षमता. आत पाणी किती आहे ते तिच्यावरून ठरत नाही. पाठीवर पाणी सांडते म्हणून पुष्कळ जण १५ लिटरच भरतात, आणि मग माप ६.६ ग्रॅम होते. पंप बांधावर तिरका ठेवलेला असेल, तर रेघही खोटे सांगते. म्हणून लिटरची बाटली मोजून ओतत पंप सपाट जमिनीवर एकदा भरावा आणि पाणी जिथे थांबते तिथे पक्की खूण करावी. ७ ग्रॅम चमच्याने काढू नयेत. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा औषधासाठी वेगळा ठेवावा.

आणखी एक हिशेब लिटरच्या आकड्यात दडलेला आहे. तुरीसाठी हेक्टरी २२० ग्रॅम औषध किमान ५०० लिटर पाण्यातून जावे, असे गृहीत धरलेले असते. एकराला ते ८८ ग्रॅम आणि २०० लिटर, म्हणजे १६ लिटरचे साडेबारा पंप होतात. त्या शेतकऱ्याने माप अचूक घेतले होते, पण भरभर चालून एकर आठ पंपांत उरकला होता. म्हणजे पिकावर ८८ ऐवजी ५६ ग्रॅमच पडले. पुढच्या फवारणीला मी त्याला पुडीवर बोट ठेवण्याआधी पंप मोजायला लावले, आणि चाल इतकी मंद ठेवायला सांगितली की एकर संपेपर्यंत बारा पंप रिकामे होऊन तेरावा अर्धा लागावा.